जामीन आदेशातल्या अटी आणि कारणे: गल्लत कुठे होते?

जामीन आदेशाचा गोषवारा काढताना अटी आणि कारणे यांची सरमिसळ हमखास होते, कारण बहुतेक आदेशांत दोन्ही एकाच कागदावर असतात. 2021 च्या कॉर्डेलिया क्रूझ या जहाजावरील अमली पदार्थांच्या प्रकरणात मात्र ते दोन कागद वेगळे होते. मुंबई उच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबरला तिघांना जामीन मंजूर केला, 29 ला चौदा अटींचा छोटा आदेश निघाला आणि कारणे देणारा सविस्तर आदेश 20 नोव्हेंबरला उपलब्ध झाला. म्हणजे आरोपी तुरुंगातून बाहेर आले ते अटींच्या कागदावर. जामीन का मिळाला, हे लोकांना तीन आठवड्यांनी वाचायला मिळाले.

अट म्हणजे आरोपीने काय करायचे किंवा करायचे नाही, याचा हुकूम. ती मोडली तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज होऊ शकतो, आणि चौदावी अट नेमके तेच सांगत होती. म्हणून अट उतरवताना क्रियापद बदलायचे नाही. याच आदेशात परदेशी जायला विशेष न्यायाधीशांची पूर्वपरवानगी लागत होती, पण बृहन्मुंबईबाहेर जायचे तर तपास अधिकाऱ्याला कळवून प्रवासाचा तपशील देणे पुरेसे होते. गोषवाऱ्यात ‘मुंबई सोडायला बंदी’ असे लिहिले की परवानगी आणि माहिती यांतला फरकच पुसला जातो. दर शुक्रवारी एनसीबी या केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या मुंबई कार्यालयात 11 ते 2 या वेळेत हजेरी, ही अट लिहितानाही वार, वेळ आणि ठिकाण हे तिन्ही हवेत. नुसते ‘नियमित हजेरी’ लिहून भागत नाही.

सुटकेआधी पुरी करायची अट आणि सुटकेनंतर पाळायची अट, हेही वेगळे मांडावे. एक लाखाचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा अधिक जामीनदार, ही पहिल्या प्रकारातली. जातमुचलका म्हणजे अटी मोडल्यास ती रक्कम देण्याची आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, रोख भरणा नव्हे; हे बातम्यांतसुद्धा चुकते. ‘एक लाख भरून सुटका’ असे आदेशात कुठेही नव्हते.

कारणांचे तसे नाही. कारण म्हणजे न्यायालयाने नोंदवलेले मत, आणि तेही जामिनापुरते, प्रथमदर्शनी. इथे न्यायालयाला कटाचा सकारात्मक पुरावा दिसला नाही. एकाच क्रूझवर असणे हा कटाचा पुरावा होत नाही, व्हॉट्सॲप संभाषणात आक्षेपार्ह काही आढळले नाही आणि एनसीबीने नोंदवलेल्या कबुलीजबाबावर विसंबता येत नाही, असे त्या आदेशात म्हटले आहे.

कारणे शोधताना मोठा सापळा असतो तो युक्तिवादाचा. आदेशाची पहिली बरीच पाने ‘अर्जदाराच्या वकिलांचे म्हणणे’ आणि ‘सरकार पक्षाचे म्हणणे’ यांत जातात. ते कारण नव्हे. अमली पदार्थांच्या अवैध वाहतुकीत सहभाग होता, हे एनसीबीचे म्हणणे होते आणि न्यायालयाने ते स्वीकारले नाही. घाईत वाचणारा नेमके तेच ‘न्यायालय म्हणाले’ म्हणून उतरवतो. त्यासाठी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे कोण बोलतंय? दोन्ही बाजूंचे म्हणणे संपून न्यायालयाचा स्वतःचा सूर सुरू होतो, त्या परिच्छेदाचा क्रमांक समासात टिपून ठेवावा.

आणखी एक चूक म्हणजे प्रत्येक अटीला कारणाची जोडी लावणे. जामीन का दिला याची कारणे मिळतात, पण पासपोर्ट का जमा करायचा याचे वेगळे स्पष्टीकरण बरेचदा मिळत नाही. साक्षीदारांवर दबाव आणू नये, तसाच गुन्हा पुन्हा करू नये, या अटी तर कायद्यातच लिहिलेल्या आहेत. पूर्वी त्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437(3) मध्ये होत्या, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480(3) मध्ये आहेत. अशा अटीपुढे ‘आदेशात वेगळे कारण नाही’ असेच लिहावे. ‘आरोपी पळून जाईल अशी न्यायालयाला भीती होती’ हे आपल्या मनाने जोडणे म्हणजे न्यायालयाच्या तोंडी शब्द घालणे.

अटींची यादी कायमची नसते, हेही ध्यानात ठेवावे. याच प्रकरणात डिसेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांपैकी एका अर्जदाराची शुक्रवारची हजेरी काढली आणि 72 तासांची पूर्वसूचना देऊन बोलावले तर दिल्लीत विशेष तपास पथकापुढे जायचे, असे ठरवले. जामीन का दिला ही कारणे मात्र जशीच्या तशी राहिली. म्हणून गोषवाऱ्यात अटींवर ‘अमुक तारखेपर्यंत’ असा शेरा हवा आणि नंतरचा दुरुस्ती आदेश निघाला आहे का, हे खटल्याच्या क्रमांकावरून पाहावे.