धुरीणत्व आणि प्रचार: निबंधातली नेहमीची गल्लत

‘माध्यमे धुरीणत्वाचा वापर करून जनतेची संमती घडवतात.’ राजकीय समाजशास्त्राच्या निबंधात हे वाक्य दिसले की धुरीणत्वाची, म्हणजे सत्ताधाऱ्यांची दृष्टी इतरांनाही आपलीच वाटू लागण्याची, संकल्पना मांडणारा इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी आणि माध्यमांतल्या प्रचाराचे प्रारूप मांडणारे अमेरिकी अभ्यासक हर्मन-चॉम्स्की यांची खिचडी झाली आहे हे कळते. त्यात ‘धुरीणत्व’ काढून ‘प्रचार’ घातले तरी काही बिघडत नाही. म्हणजे संकल्पना वापरलेलीच नाही.

हर्मन-चॉम्स्की यांचे १९८८ चे प्रारूप बहुतेकांना पाठ असते: मालकी, जाहिराती, अधिकृत स्रोतांवरची भिस्त, दबाव आणि साम्यवादविरोध या पाच चाळण्या. बातमी गाळून अशीच का बाहेर पडते, हे त्यातून कळते. ती पाहणाऱ्याला का पटते, हा ग्राम्शीचा प्रश्न. ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांनाच सत्ताधाऱ्यांची दृष्टी साधी व्यवहाराची गोष्ट का वाटते? त्यासाठी त्यांना कोणत्या सवलती द्याव्या लागल्या, आणि ही मांडणी कुठे उसवते?

१९७५ मध्ये ग्लासगोत कचरागाड्यांच्या चालकांनी संप केला. मागणी वेतनश्रेणीची होती. ग्लासगो विद्यापीठाच्या माध्यम अभ्यासगटाने बातम्या तपासल्या, तेव्हा दूरचित्रवाणीवर तो मुख्यतः आरोग्याच्या धोक्याचा प्रश्न म्हणून दिसत होता. अधिकाऱ्यांचेच म्हणणे का ऐकू आले, याचे उत्तर स्रोतांच्या चाळणीत मिळते. पण बीबीसीला जाहिराती नव्हत्या आणि खासगी मालकही नव्हता, तरी तिची चौकट फारशी वेगळी नव्हती. इथे चाळण्या अपुऱ्या पडतात. ‘जनतेची गैरसोय’ ही निःपक्ष बातमी आणि ‘चालकांचा पगार’ ही एका गटाची बाजू, असे पत्रकारांनाही मनापासून वाटत होते. या ‘जनते’त चालक मोजलेच जात नाहीत. धुरीणत्व दाखवायचे ते इथे. कुणाच्या कटात ते शोधू नये.

तरीही एवढ्यावर संमती सिद्ध होत नाही. बातमीच्या मजकुरावरून प्रेक्षकाचे मन वाचणारे निबंध मला मुळीच मान्य नाहीत. याच गटातल्या ग्रेग फिलो यांनी १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगार संपाची छायाचित्रे लोकांपुढे ठेवून त्यांवरून बातम्या लिहायला सांगितल्या. लोकांनी दूरचित्रवाणीची भाषा जवळजवळ जशीच्या तशी उतरवली. निदर्शने बहुतांशी हिंसक होती, असेही अनेकांना वाटत होते. प्रत्यक्ष तिथे गेलेल्यांनी मात्र, पोलिसांनीसुद्धा, ती बहुतेक शांततेत झाल्याचे सांगितले.

निबंधात हे दोन्ही गट हवेत. पहिल्यात बातमीची चौकट लोकसमज बनलेली दिसते. दुसऱ्यात ती स्वानुभवापुढे टिकत नाही. दुसरा गट गाळला, तर उरतो तो प्रचाराचा सिद्धांत, वर नाव ग्राम्शीचे.