नाणं उडवलं की मनातलं खरं कळतं?

"दोन पर्यायांत अडकलात तर नाणं उडवा, निकाल बघून जे वाटेल तेच तुमच्या मनाचं खरं उत्तर."

यात तथ्य आहे, पण अर्धंच. निकालावर आलेली पहिली रिअ‍ॅक्शन खरी असते, फक्त ती नेमकी कशाबद्दल आहे हे त्या एका फेकीतून कळत नाही.

समजा छापा म्हणजे आहे ती नोकरी, काटा म्हणजे नवी. छापा पडला आणि पोटात खड्डा पडला, मग आपण लगेच म्हणतो, बघ, मला नवीच हवी होती. पण माणसाला मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा हातची जाणारी गोष्ट जास्त टोचते, त्यामुळे काटा पडला असता तरी कदाचित तसाच खड्डा पडला असता, या वेळी जुनी सुटली म्हणून. आणि हायसं वाटलं तरी ते कधीकधी निवडीचं नसतं, एकदाचा घोळ संपला याचं असतं.

तपासायला सोपं आहे. फेकायच्या आधी ठरवा की आजची रात्र हाच निकाल फायनल धरायचा (नाहीतर मन सिरियसली घेतच नाही), आणि निकाल दिसताक्षणी एक शब्द लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी नाणं न उडवता उलटा निकाल फायनल धरून झोपा, परत एक शब्द लिहा. एकाच बाजूला खट्टू झालात तर कल खरा. दोन्हीकडे "अरेरे" आलं तर ते नुसतं गमावण्याचं दुःख आहे, आणि तेव्हा नाण्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही.