छातीवरचा इको आणि अन्ननलिकेतला इको: मायट्रल झडपेच्या निमित्ताने

हृदयाच्या इकोची, म्हणजे अल्ट्रासाउंडने केलेल्या तपासणीची, सुरुवातच डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या अरुंद झालेल्या मायट्रल झडपेपासून झाली. स्वीडनमधल्या लुंड इथले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी या झडपेचा अंदाज हवा होता. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातलं धातूतले दोष शोधणारं अल्ट्रासाउंड यंत्र आधी वापरून पाहिलं, मग सीमेन्सकडून तसंच यंत्र तात्पुरतं मागून आणलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी छातीवर ध्वनिलहरी सोडणारा प्रोब ठेवून हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवले. झडपेचा पडदा किती सावकाश मागे येतो, यावरून ती किती अरुंद आहे हे पुढे सांगता येऊ लागलं.

त्याच आजारात शल्यविशारदांना धास्ती असे ती दुसऱ्याच जागेची. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या मायट्रल झडपेपर्यंत बोट पोचवलं ते डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेल्या छोट्या पिशवीतून, म्हणजे लेफ्ट एट्रियल अपेंडेजमधून. १९४८ नंतर हृदय न उघडता, ते धडधडत असतानाच करायच्या शस्त्रक्रिया रूढ झाल्या, तेव्हाही बहुतेकदा वाट हीच होती. झडप अरुंद असली की रक्त वरच्या कप्प्यात तुंबतं आणि या पिशवीत तर जवळजवळ थांबून राहतं, म्हणून गुठळी बहुधा इथेच धरते. बोट घालताना ती सुटली तर रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकते. नेमकी हीच पिशवी छातीवरून नीट दिसत नाही.

याचं कारण शरीररचनेत आहे. डावा वरचा कप्पा हृदयाच्या अगदी मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यापुढे असतो. छातीवरच्या प्रोबपासून तो १० ते १५ सेंटीमीटर खोल पडतो आणि मध्ये बरगड्या, चरबी आणि फुफ्फुसातली हवा येते. ध्वनिलहरी ऊतींमधून जाताना दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल क्षीण होतात. १५ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे ३० सेंटीमीटरचा प्रवास. ३ मेगाहर्ट्झला त्यात ४५ डेसिबल जातात, ७ मेगाहर्ट्झला १०५. एवढ्या खोलवर बारीक तपशील दाखवणारी उच्च वारंवारता परवडत नाही, म्हणून छातीवरून २ ते ४ मेगाहर्ट्झवर भागवावं लागतं. अन्ननलिका मात्र याच कप्प्याच्या पाठीला चिकटून खाली उतरते. तिथून अपेंडेज ४ सेंटीमीटरवर धरलं, तर ७ मेगाहर्ट्झलाही जाऊन-येऊन २८ डेसिबलच जातात, आणि लहरीची लांबी अर्ध्या मिलिमीटरवरून पाव मिलिमीटरच्याही खाली येते.

ही वाट वापरायचा विचार १९७०च्या दशकात पुढे आला. १९७६ साली शिकागोत ली फ्रेझिन आणि सहकाऱ्यांनी अन्ननलिकेतून इको नोंदवला, पण ती एकाच रेषेतली हालचाल होती, चित्र नव्हतं. खरा पल्ला गाठला तो हॅम्बुर्गमध्ये. हानराथ, श्ल्यूटर आणि अभियंते सूके यांनी जठर तपासायच्या लवचीक एंडोस्कोपच्या टोकाला लहरींचा झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरवून चित्र काढणारा फेज्ड ॲरे ट्रान्सड्यूसर बसवला आणि १९८२ साली त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. आधी चित्राचं एकच आडवं प्रतल मिळे. मग दोन प्रतलं आली आणि १९९०च्या दशकात ० ते १८० अंश फिरणारा मल्टिप्लेन प्रोब आला. अपेंडेजसाठी हा बदल फार मोलाचा ठरला, कारण या पिशवीला बऱ्याचदा एकाहून अधिक कप्पे असतात आणि एका कोनात रिकामी दिसलेली पिशवी दुसऱ्या कोनात गुठळी दाखवू शकते.

याच सुमारास उपचारही बदलला. १९८४ साली जपानच्या कांजी इनोउए यांनी फुग्याने मायट्रल झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे तरुण वयातच दिसतात, त्यामुळे भारतात ती लवकर रुजली. यात नळी जांघेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येते, मधला पडदा टोचून डाव्या वरच्या कप्प्यात शिरते आणि फुगा झडपेकडे वळवताना तिचं टोक अपेंडेजमध्येही जाऊ शकतं. तिथे गुठळी आहे का, हा प्रश्न आता आधीच सोडवणं भाग होतं.

समजा, तिशीतली बाई आहे, जिना चढताना दम लागतो, नाडी अनियमित आहे. छातीवरच्या इकोत झडपेचं छिद्र ०.९ चौरस सेंटीमीटर भरलं. पडद्यांची हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि झडपेखालच्या दोऱ्यांची स्थिती यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ७ आली. ८ किंवा कमी म्हणजे फुग्याला झडप अनुकूल. वरच्या कप्प्यात गुठळी दिसली नाही. तरीही इथे थांबून चालत नाही, कारण अपेंडेज दिसलेलंच नाही. ‘गुठळी दिसली नाही’ आणि ‘गुठळी नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि रिपोर्ट वाचताना हा फरक सर्रास निसटतो.

म्हणून अन्ननलिकेतून तपासणी. आधी सहा तास उपाशी ठेवतात. गिळताना घास अडकतो का, रक्ताची उलटी झाली होती का, अन्ननलिकेचा आजार आहे का, हे विचारतात आणि कवळी काढतात. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा, शिरेतून गुंगीसाठी थोडं मिडाझोलाम, डाव्या कुशीवर झोपवणं, दातांमध्ये बाइट गार्ड. मान पुढे वाकवून, रुग्णाला गिळायला सांगत प्रोब आत सोडतात. अडला तर जोर लावत नाहीत. दातांपासून ३० ते ३५ सेंटीमीटरच्या आसपास डावा वरचा कप्पा समोर येतो. मग प्रोब न हलवता प्रतल ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर फिरवून अपेंडेजच्या टोकापर्यंत पाहतात.

फसगत होते ती इथे. पिशवीच्या आत स्नायूंचे समांतर कंगोरे असतात आणि ते गुठळीसारखे दिसतात. पण कंगोरा भिंतीशी जोडलेला राहतो आणि तिच्याबरोबर हलतो. गुठळी बहुधा वेगळ्या पोताची, स्वतंत्र कड असलेली दिसते. अपेंडेज आणि वरची डावी फुफ्फुसशीर यांच्यामधला उंचवटाही अनेकांना चकवतो. त्याला गुठळी समजून रुग्णांना रक्त पातळ करणारं वॉरफरिन दिलं गेलं, म्हणून त्या औषधाच्या कुमाडिन या व्यापारी नावावरून त्याचं नाव कुमाडिन रिज पडलं. शंका उरली तर रक्ताचा वेग मोजणारा डॉप्लर लावतात. अपेंडेज रिकामं होण्याचा वेग सेकंदाला ४० सेंटीमीटरहून जास्त असेल तर रक्त खेळतं आहे; २० च्या खाली असेल तर धुरासारखं फिरणारं रक्त दिसणं आणि गुठळी सापडणं या दोन्हींची शक्यता वाढते.

तपासणी तशी सुरक्षित आहे, पण अगदी निर्धोक नाही. युरोपातल्या १५ केंद्रांनी १९९१ साली १०,४१९ तपासण्यांचा हिशेब दिला. त्यात एक मृत्यू होता, अन्ननलिकेत घुसलेल्या फुफ्फुसाच्या गाठीतून झालेल्या रक्तस्रावाचा. गिळण्याबद्दलचे प्रश्न म्हणूनच टाळायचे नाहीत. शिवाय जवळून सगळंच चांगलं दिसतं असंही नाही. हृदयाचं खालचं टोक अन्ननलिकेपासून लांब पडतं आणि चित्रात आखूड होऊन येतं, त्यामुळे हार्ट ॲटॅकनंतर तिथे बसलेली गुठळी शोधायला छातीवरचाच इको बरा. धातूची मायट्रल झडप बसवलेली असेल तर उलट परिस्थिती: छातीवरून पाहताना तिची सावली वरच्या कप्प्यावर पडते आणि गळती झाकली जाते, तर अन्ननलिकेतून तो कप्पा झडपेच्या अलीकडे असल्याने गळती उघड दिसते.

आपल्या उदाहरणातल्या बाईच्या अपेंडेजमध्ये गुठळी निघाली आणि तब्येत स्थिर असली, तर फुगा लांबणीवर टाकतात. रक्त किती सावकाश गोठतं याचं माप असलेला आयएनआर २ ते ३ दरम्यान राहील अशा बेताने वॉरफरिन दोन-तीन महिने देऊन अन्ननलिकेतला इको पुन्हा करतात. गुठळी विरघळलेली दिसली तर फुगा. तशीच राहिली किंवा दम वाढत चालला तर हृदय उघडून झडप आणि गुठळी दोन्हींची शस्त्रक्रिया. पहिल्या तपासणीत पिशवी स्वच्छ निघाली, तरी तो रिपोर्ट फार दिवस धरून बसता येत नाही. नाडी अनियमित आणि झडप अरुंद असेतोवर तिथे नवी गुठळी धरू शकते, म्हणून ही तपासणी फुग्याच्या तारखेला लागूनच करून घ्यायची असते.