ऑनलाइन विक्रीच्या रोजकीर्द नोंदी

ग्राहकाने पेमेंट गेटवेमार्फत पैसे भरले, त्यातले काही त्याला परत गेले आणि गेटवेने स्वतःचे शुल्क कापून उरलेली रक्कम बँकेत पाठवली, तर या साखळीतला प्रत्येक व्यवहार द्विनोंदी पद्धतीने रोजकीर्दीत वेगळा लिहावा लागतो. बँकेत एकच आकडा येत असला तरी त्यामागे विक्री, वसुली, परतावा, शुल्क आणि गेटवेने केलेला भरणा असे पाच व्यवहार असतात. बँकेतला आकडा पाहून नोंद करण्याची सवय इथे सर्वांत जास्त नडते. अशी नोंद चुकीची असूनही तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची यादी, जुळते, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे दबून राहू शकते.

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि नावे बाजूची बेरीज जमा बाजूइतकीच असते. मालमत्ता किंवा खर्च वाढला की ते खाते नावे होते. उत्पन्न किंवा देणे वाढले की ते खाते जमा होते. ग्राहकाकडून येणे असलेली रक्कम ही मालमत्ता आहे, तशीच गेटवेकडून येणे असलेली रक्कमही मालमत्ताच आहे. पुढचे सगळे या दुसऱ्या मुद्द्यावर उभे आहे. ग्राहकाने कार्डावरून पैसे भरले म्हणजे ते बँकेत आले असे होत नाही. ते गेटवेकडे आले, आणि गेटवे ते एक-दोन दिवसांनी किंवा ठरलेल्या वारी पाठवणार आहे. मधल्या काळात गेटवे आपला ऋणको असतो, म्हणून खातेवहीत त्याला स्वतःचे पान हवे. या पानाला ‘गेटवे येणे खाते’ म्हणू.

एक उदाहरण घेऊ. करपात्र नसलेला २,००० किमतीचा माल महिन्याच्या २८ तारखेला विकला आणि ग्राहकाने त्याच दिवशी पैसे भरले. गेटवेचे शुल्क विक्रीच्या २ टक्के, म्हणजे ४० आहे. मालात थोडी खोट निघाली. माल ग्राहकाने ठेवून घ्यायचा आणि ५०० परत करायचे असे ठरले, आणि ३० तारखेला परतावा दिला. पुढच्या महिन्याच्या २ तारखेला बँकेत १,४६० आले. रोजकीर्दीत हे असे उतरते:

२८ तारीख, विक्री
ग्राहक खाते नावे २,०००
विक्री खाते जमा २,०००

२८ तारीख, ग्राहकाने गेटवेमार्फत भरणा केला
गेटवे येणे खाते नावे २,०००
ग्राहक खाते जमा २,०००

२८ तारीख, गेटवेने शुल्क आकारले
गेटवे शुल्क खाते नावे ४०
गेटवे येणे खाते जमा ४०

३० तारीख, सवलतीची क्रेडिट नोट दिली
विक्री परतावा खाते नावे ५००
ग्राहक खाते जमा ५००

३० तारीख, परताव्याची रक्कम गेटवेमार्फत दिली
ग्राहक खाते नावे ५००
गेटवे येणे खाते जमा ५००

२ तारीख, गेटवेकडून बँकेत रक्कम आली
बँक खाते नावे १,४६०
गेटवे येणे खाते जमा १,४६०

गेटवे येणे खात्याची खतावणी केली की नावे बाजूला २,००० आणि जमा बाजूला ४०, ५०० व १,४६० दिसतात. बाकी शून्य उरते. ग्राहक खात्याचीही बाकी शून्यच.

परताव्याच्या दोन नोंदी पाहून कुणालाही वाटेल की विक्री परतावा खाते नावे आणि गेटवे येणे खाते जमा अशी एकच नोंद पुरेल. रकमेपुरती ती चालतेही. तरी दोन नोंदी ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण ग्राहकाला पैसे देणे लागतो हे मान्य करणे आणि ते प्रत्यक्ष देणे या दोन वेगळ्या घटना आहेत. क्रेडिट नोट निघाली पण गेटवेने परतावा नाकारला, किंवा ग्राहकाचे कार्ड बंद झाल्याने रक्कम फिरून आली, तर ग्राहक खात्यात ५०० ची जमा बाकी दिसत राहते. ती बाकी म्हणजेच देणे. एकत्र नोंदीत ती दिसायला जागाच राहत नाही.

आता चुकीची पण रोज होणारी नोंद पाहू. २ तारखेला बँकेत १,४६० आले म्हणून बँक खाते नावे १,४६० आणि विक्री खाते जमा १,४६० असे लिहिले जाते. दोन्ही बाजू सारख्या, तेरीज बिनचूक, नफ्याचा आकडाही अखेर तोच: २,००० वजा ५०० वजा ४० बरोबर १,४६०. पण ज्या महिन्यात विक्री झाली त्या महिन्यात विक्री शून्य दिसते, आणि महिनाअखेरच्या ताळेबंदात गेटवेकडून येणे असलेले १,४६० कुठेच नाहीत. शिवाय विक्री २,००० ची झाली होती, परतावा पाव भागाचा होता आणि शुल्क ४० होते या तिन्ही गोष्टी पुसल्या जातात. परताव्याचे प्रमाण वाढते आहे का, हे अशा वहीतून कधीच कळणार नाही.

शुल्क विक्रीतून वजा करायचे की खर्च म्हणून दाखवायचे, यावर बराच गोंधळ असतो. विक्रेता स्वतः माल विकत असेल तर ग्राहकाने मोजलेली किंमत २,००० आहे. गेटवेला दिलेले ४० ही वसुलीसाठी घेतलेल्या सेवेची किंमत आहे, म्हणून तो खर्च. परतावा मात्र वेगळा. तो ग्राहकालाच जातो, म्हणजे मुळात ठरलेली किंमतच कमी होते, म्हणून तो विक्रीतून वजा होतो. आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्राहकाला परत द्यावी लागेल असा अंदाज असलेली रक्कम उत्पन्नात धरतच नाहीत, ती परतावा देणे म्हणून दाखवतात. हे मानक १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. तुरळक परताव्यांसाठी घडेल तेव्हा नोंद करणे सोयीचे असते, पण दर महिन्याला ठरावीक प्रमाणात परतावे जात असतील तर महिनाअखेरीस तो अंदाज बांधावाच लागतो.

परतावा दिला म्हणून गेटवे मूळ शुल्क परत करतोच असे नाही. अनेक करारांत ते परत मिळत नाही, काही करारांत परताव्यावर वेगळे शुल्कही लागते. आपल्या उदाहरणात ते परत मिळाले नाही असे धरले आहे. म्हणून परताव्यानंतर १,५०० च्या निव्वळ विक्रीवर ४० चा खर्च पडला, म्हणजे २ टक्क्यांऐवजी सुमारे २.६७ टक्के. पूर्ण २,००० परत केले असते तर विक्री शून्य आणि तोटा ४० राहिला असता. गेटवेने शुल्काचा काही भाग परत दिलाच, तर गेटवे येणे खाते नावे आणि गेटवे शुल्क खाते जमा अशी उलट नोंद करावी. ती विक्रीत मिसळू नये.

परतावा सेटलमेंटनंतर, म्हणजे गेटवेने बँकेत रक्कम पाठवल्यानंतर गेला तर चित्र थोडे बदलते. समजा १,९६० बँकेत आधीच आले आणि परताव्याची मागणी नंतर आली. मग ५०० च्या नोंदीमुळे गेटवे येणे खात्यात ५०० ची जमा बाकी उरते. आता गेटवे आपला ऋणको नाही, आपणच त्याचे देणेकरी आहोत. गेटवे ही रक्कम पुढच्या भरण्यातून कापून घेतो. पुढच्या दिवशी ३,००० ची विक्री झाली आणि त्यावर ६० शुल्क लागले, तर बँकेत २,४४० येतात. फक्त बँकेचे पान पाहणाऱ्याला हा आकडा कुठल्याच विक्रीशी जुळवता येणार नाही. गेटवे येणे खात्यात मात्र सगळे सरळ दिसते. महिना जमा बाकीवरच संपला, तर ताळेबंदात ती रक्कम देण्यांच्या बाजूला दाखवावी.

माल परत आला असेल तर साठ्याचीही नोंद लागते. विक्रीच्या वेळी साठा कमी करून मालाची किंमत खर्चात नेली असेल, तर परत आलेल्या मालाइतका साठा नावे करून तो खर्च तेवढाच जमा करावा. आपल्या उदाहरणात माल ग्राहकाकडेच राहिला, फक्त भाव कमी झाला, म्हणून साठ्याला हात लावायचा नाही. किमतीत कर धरला असेल तर परतावाही त्याच प्रमाणात फोडावा लागतो. २,२०० च्या विक्रीत २०० कर असेल आणि ५५० परत दिले, तर ५०० विक्री परताव्याला आणि ५० देय कराला नावे जातात. सगळे ५५० विक्री परताव्यात टाकले तर सरकारला देणे असलेला कर ५० ने जास्त दिसतो.

चूक शोधायची असेल तर सर्वांत आधी गेटवे येणे खात्याची बाकी गेटवेच्या डॅशबोर्डवरच्या बाकीशी ताडून पाहावी. फरकाचा आकडाच बरेचदा चूक सांगतो. वहीत ४० जास्त दिसले तर शुल्काची नोंद राहिली आहे. ८० जास्त दिसले तर ती उलट्या बाजूंनी झाली आहे, कारण उलट नोंदीत फरक दुप्पट होतो. दोन्ही बाजू उलटल्या असल्या तर तेरीज जुळतेच, म्हणून ही चूक तिथे सापडणार नाही. ५०० कमी दिसले तर परतावा बहुधा दोनदा चढला आहे. संगणकीय नोंदीत असे सहज घडते, कारण गेटवे एखाद्या परताव्याची सूचना पुन्हा पाठवू शकतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक सूचनेला नवी नोंद करते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या स्पष्टीकरणात भरणा, परतावा आणि सेटलमेंट यांचे गेटवेने दिलेले क्रमांक लिहावेत, आणि एकाच क्रमांकावर दुसरी नोंद होऊच नये अशी व्यवस्था ठेवावी.

किरकोळ पैशांचा फरक सतत वाढत असेल तर कारण बहुधा पूर्णांकनाचे असते. गेटवे शुल्क प्रत्येक व्यवहारावर काढून पूर्णांकात आणतो, आणि आपण दिवसाच्या एकूण विक्रीवर २ टक्के धरतो, म्हणून दोन्ही आकडे थोडे वेगळे येतात. शुल्काची रक्कम स्वतः हिशोबून न टाकता गेटवेच्या सेटलमेंट अहवालातून उचलावी. स्वतःचा हिशोब फक्त ताडून पाहायला वापरावा, म्हणजे दर बदलला किंवा चुकीचा लागला तर तेही लगेच ध्यानात येते.