कॅरमल करताना साखर वितळत नाही, तुटते

कॅरमल कस्टर्ड चुकलं की आपण अंड्यांना नाहीतर वाफेला दोष देतो, पण मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त वेळा चूक त्याच्या आधीच झालेली असते, पॅनमध्ये नुसती साखर टाकून गॅसवर ठेवली त्या सहा-सात मिनिटांत. कॅरमल फिकट राहिलं तर कस्टर्डवर नुसतं गोड पाणी येतं, आणि जास्त झालं तर जिभेच्या मागच्या बाजूला असा कडूपणा चिकटून राहतो की वरून कितीही गोड खाल्लं तरी जात नाही. या दोन टोकांच्या मधे जे हवं असतं ते जेमतेम मिनिटभरच पॅनमध्ये असतं, म्हणून तिथे नेमकं काय चाललंय हे एकदा नीट समजून घेतलं तर पुढे हात आपोआप बरोबर चालतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपण "साखर वितळली" म्हणतो ते खरं वितळणं नाहीच. बर्फ 0 अंशाला वितळतो, परत गार केला की परत बर्फ, मधे त्याचं पाणी पाणीच राहतं. साखरेचं तसं नाही. पुस्तकात साखरेचा वितळणबिंदू 186 अंश सेल्सियसच्या आसपास दिलेला असतो, पण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे सापडतात आणि त्याचं कारण 2011 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या शेली श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. साखर भराभर तापवली तर ती जास्त तापमानाला पातळ होते आणि हळूहळू तापवली तर बऱ्याच कमी तापमानाला, कारण ती वितळत नसते, तिचे रेणूच तुटत असतात, आणि तुटायला उष्णतेइतकाच वेळही लागतो. माझ्या मते घरच्या कॅरमलसाठी यापेक्षा कामाची माहिती दुसरी नाही. म्हणजे बघा, मंद आचेवर थोडं थांबलं तरी काम होतं, मोठ्या आचेची गरजच नाही, आणि मोठ्या आचेवर फक्त एवढंच होतं की तळाची साखर काळी पडते तेव्हा वरची अजून पांढरीशुभ्र असते.

तुटतं म्हणजे काय होतं? साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून बसलेले, तो हात उष्णतेने सुटतो. मग त्या तुकड्यांमधून पाणी बाहेर पडायला लागतं. पॅन पूर्ण कोरडा, साखर कोरडी, आपण एक थेंब पाणी घातलेलं नाही, तरी थोड्या वेळाने बारीक बारीक बुडबुडे येतात, ते कुठून आले असा प्रश्न पडायला हवा. थोडी हवा दाण्यांच्या मधे अडकलेली असते ती सुटते, पण पुढे रंग गडद होताना जो फेस येतो त्यातली वाफ साखरेच्या रेणूंमधूनच निघालेली असते. त्यात फ्रुक्टोज एकटं असलं की साखरेपेक्षा खूपच कमी तापमानाला, म्हणजे 110 अंशाच्या आसपासच, तपकिरी व्हायला लागतं, आणि तुटताना तयार होणारी थोडी आम्लं उरलेली साखर अजून पटापट तोडतात. म्हणूनच पहिली चार मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं आणि मग शेवटचं मिनिट एकदम धावत सुटतं. लोक नेमके तेव्हाच फोन घ्यायला जातात.

आता पॅन. जाड बुडाचा स्टीलचा पॅन घ्या, आतून चकचकीत असलेला. बिडाचा तवा किंवा काळा नॉनस्टिक उष्णतेला चांगला असेल पण त्यात रंगच दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात थेट गॅसवर साखर करायची पद्धत आपल्याकडे खूप घरांत आहे, आमच्याकडेही होती, पण बर्नरच्या ज्वाळा जिथे लागतात तिथे बरोबर गोल काळं कडं उमटतं आणि मधे साखर तशीच राहते. मी एकदा ते कडं चमच्याने सगळ्यात मिसळून टाकलं, म्हटलं एवढ्याने काय होतंय, तर अख्खं कस्टर्ड कडू झालं. तेव्हापासून पॅनमध्ये करते आणि मग डब्यात ओतते.

7 इंची डब्यासाठी 100 ग्रॅम साखर पुरते. साधी दाणेदारच घ्या, फक्त दाणा बारीक असेल तर बरं, मोठ्या दाण्याला वेळ जास्त लागतो एवढंच. पिठीसाखर नको, पाकिटातल्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नस्टार्च असतं आणि ते आधी करपतं. गूळही या पद्धतीत चालत नाही, त्यात ओलावा आणि बाकीचे घटक इतके असतात की तो साखरेच्या आधीच लागतो, शिवाय मुळातच तपकिरी असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही.

पॅन मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर ठेवून त्यात आधी साधारण तिसरा हिस्सा साखर पातळ पसरायची. सगळी एकदम टाकली तर वरचा थर खालच्यावर पांघरुणासारखा बसतो. पहिले दोन-तीन मिनिटं काही दिसत नाही, मग कडेला दाणे काचेसारखे पारदर्शक व्हायला लागतात आणि त्यांचे छोटे थेंब बनतात. इथे चमचा घालून ढवळायचा मोह होतो तो आवरा, कारण अर्धवट पातळ झालेली साखर कोऱ्या दाण्यांना चिकटते आणि खडे होतात. त्यापेक्षा पॅनच उचलून हलकेच गोल फिरवा म्हणजे पातळ भाग कोरड्या भागाखाली जातो. पहिला हिस्सा बहुतेक पातळ झाला की दुसरा भुरभुरवा, मग तिसरा. यावेळी मात्र खाली पातळ साखर असते, त्यामुळे चमच्याने नवीन साखर नुसती आत दाबली तरी चालते. तरीही खडे झालेच तर घाबरू नका, आच अगदी बारीक करून थांबा, ते हळूहळू विरघळतात. आच वाढवलीत तर मात्र खडा विरघळेपर्यंत आजूबाजूचं सगळं करपलेलं असेल.

थर्मामीटरचं म्हणाल तर 100 ग्रॅम साखरेचा थर इतका पातळ असतो की त्याचं टोक नीट बुडतच नाही, मग तो पॅनच्या बुडाचं तापमान सांगतो नाहीतर हवेचं. आकडे अंदाजाला ठेवा आणि भरवसा डोळ्यांवर आणि नाकावर. 160-165 अंशाच्या सुमारास पातळ झालेली साखर जवळजवळ रंगहीन किंवा लिंबाच्या सरबताइतकी पिवळी असते, चवीला नुसती गोड. 170 च्या आसपास फिकट मधाचा रंग येतो आणि वास बदलतो, लोण्यासारखा, भाजल्यासारखा, तो वास ज्या पदार्थांमुळे येतो त्यातला डायअ‍ॅसिटिल लोण्यातही असतो. 175 ते 180 ला कडक कोऱ्या चहाचा तांबूस रंग, हा आपल्या कामाचा. इथे गोडी कमी झालेली असते, किंचित आंबटपणा आलेला असतो आणि कडूपणा नुसता चाहूल देण्याइतका. कस्टर्डमध्ये दूध, अंडी आणि साखर आधीच गोड आणि मऊ असतात, त्यामुळे वरच्या कॅरमलला ही थोडी धार हवीच, मधाच्या रंगावर थांबलात तर चव कुठेच लागत नाही. 185-190 ला चिंचेच्या कोळासारखा गडद तपकिरी होतो आणि कडेने धुराची बारीक रेघ उठते. त्याच्या पुढे 200 कडे गेलं की काळं, आणि वास नाकात टोचायला लागतो.

रंग बघताना एक फसवणूक होते. पॅन तिरका केला की साखर एका कडेला जमते आणि थर जाड झाल्यामुळे असेल त्यापेक्षा खूप गडद दिसते, आणि पसरली की फिकट. म्हणून मधाचा रंग आला की दर दहा-पंधरा सेकंदांनी चमच्याचा एक थेंब पांढऱ्या बशीवर टाका. तो थेंब सांगतो तो खरा रंग. फक्त तो बोटाने चाखायला जाऊ नका, निदान एक-दोन मिनिटं गार होऊ द्या, उकळतं पाणी 100 अंशाचं असतं आणि हे 175 चं, वर कातडीला चिकटून बसतं. चुकून उडालंच तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा, बर्फ नको.

गॅस कधी बंद करायचा? हवा त्या रंगाच्या थोडा आधी. जाड बुडात साठलेली उष्णता कुठे जात नाही, गॅस बंद केल्यावरही ती साखर तोडत राहते आणि चहाचा रंग बघता बघता चिंचेचा होतो. मी थेंब तांबूसकडे झुकला की गॅस बंद करते आणि लगेच ओतते. ओतल्यामुळे ती गरम बुडापासून सुटते आणि डब्यात पातळ पसरून थांबते. डबा आधी गरम पाण्याने कोमट करून नीट कोरडा पुसून ठेवा, नाहीतर गार डब्यात साखर मधेच गोठते आणि कडेपर्यंत पोचत नाही. लगेच ओतायचं नसेल तर परातीत बोटभर गार पाणी घेऊन पॅनचं बूड त्यात चार-पाच सेकंद टेकवा, पण पाण्याचा थेंब आत जाता कामा नये, तो क्षणात वाफ होतो आणि साखर उडवतो.

करपलं असेल तर ते वाचवता येत नाही. दूध, लोणी, चिमूटभर मीठ, काहीही घातलं तरी तो कडूपणा मागे राहतोच, म्हणून 100 ग्रॅम साखर सोडून द्या आणि दुसरी घ्या. पॅन घासत बसू नका, त्यात पाणी घालून उकळी आणा, सगळं सुटून येतं.

डब्यातलं कॅरमल आता काचेसारखं कडक झालेलं असेल, गार होताना कडकड आवाजही येतो, ते ठीक आहे. त्यावर कस्टर्डचं मिश्रण ओतून वाफवलं आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की कस्टर्डमधलं पाणी हळूहळू त्या काचेत शिरतं आणि तिचा पाक होतो. म्हणून केल्या केल्या कस्टर्ड काढलं तर तळाशी कडक थर तसाच चिकटलेला सापडतो आणि दुसऱ्या दिवशी डबा उलटा केला की तांबूस पाक चारी बाजूंनी खाली ओघळतो.