क्लाउडची सीमारेषा कोठे आखावी?

समजा, अंधेरीत कार्यालय आणि भिवंडीत गोदामे असलेली 400 कर्मचाऱ्यांची एक वितरण कंपनी आहे. तिचे हिशेब आणि साठ्याची नोंद यांचा भार वर्षभर जवळपास सारखा असतो, तर ऑनलाइन ऑर्डरची वेबसाइट दिवाळीपूर्वी आठपट गजबजते. पब्लिक क्लाउडमध्ये, म्हणजे अनेक ग्राहकांना इंटरनेटवरून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रात, यंत्रे तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, त्यामुळे चार आठवड्यांच्या गर्दीसाठी ती सोयीची ठरतात. मात्र रात्रंदिवस चालणाऱ्या कामासाठी तेच भाडे पुष्कळदा स्वतःच्या सर्व्हरपेक्षा महाग पडते. प्रायव्हेट क्लाउड एकाच संस्थेसाठी राखीव असतो, पण कार्यालयातील सर्व्हरची खोली म्हणजे प्रायव्हेट क्लाउड नव्हे. यंत्रे सामायिक साठ्यातून, मागणीनुसार आणि विनाविलंब मिळत असतील तरच ते नाव शोभते. मध्यम कंपनीत हे सांभाळायला माणसे कमी असतात, हा भाग विक्रेते सहसा सांगत नाहीत.

म्हणून या कंपनीला हायब्रिड रचना, म्हणजे दोहोंची जोडणी, आकर्षक वाटते. वेबसाइट पब्लिक क्लाउडमध्ये न्यावी आणि डेटाबेस अंधेरीतच ठेवावा, असा बेत ठरतो, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. एक पान उघडण्यासाठी वेबसाइट डेटाबेसला एकामागून एक 200 प्रश्न विचारते, असे धरू. दोन्ही एकाच खोलीत असताना प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे एकूण एक दशांश सेकंद. मुंबईतल्याच क्लाउड केंद्रापर्यंतची फेरी 4 मिलिसेकंदांची झाली, तर तेच पान 0.8 सेकंद घेते. केंद्र हैदराबादला असेल, तर काचतंतूतून सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रकाशालाही जाऊन-येऊन किमान 6 मिलिसेकंद लागतात, आणि पान सव्वा सेकंदाच्या आसपास रेंगाळते.

हा दोष ओळखण्याची खूण अशी, की पान मंद असते, पण दोन्हीकडचे प्रोसेसर जवळजवळ रिकामे बसलेले असतात. अशा वेळी मोठी यंत्रे घेऊन उपयोग होत नाही. एका पानामागे किती प्रश्न जातात ते मोजावे लागते. उपाय म्हणजे रेषाच हलवणे: किमती आणि साठा यांची वाचनापुरती प्रत क्लाउडमध्ये ठेवावी आणि आलेल्या ऑर्डर रांगेतून अंधेरीकडे पाठवाव्यात. ही प्रत काही सेकंद शिळी असू शकते, त्यामुळे शेवटचा नग दोघांना विकला जाऊ नये म्हणून ऑर्डरची पक्की पावती मूळ नोंदीत नग राखून ठेवल्यावरच द्यावी.

मल्टी-क्लाउडचा, म्हणजे दोन वा अधिक कंपन्यांचे क्लाउड वापरण्याचा, मोह मला येथे अनाठायी वाटतो. क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटावर सहसा प्रति गिगाबाइट शुल्क पडते, परवानग्यांची व्यवस्था दोनदा शिकावी लागते, आणि वेबसाइट चालायला दोन्ही सेवा एकाच वेळी आवश्यक असतील तर बंद पडण्याची शक्यता उलट वाढते. ईमेल एका कंपनीकडे आणि वेबसाइट दुसरीकडे, इतकी स्वतंत्र विभागणी मात्र खुशाल करावी.