मराठी टायपिंगचा पहिला धडा: कळफलकाच्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या संगणकवर्गात आज मराठी टायपिंग शिकवायचे, तर पहिल्याच दिवशी कोणता कळफलक घ्यायचा हे ठरवावे लागते. हा प्रश्न टाइपरायटरकडून वारशाने आला आहे.

इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रावर शिकलेल्या पिढीची बोटे रेमिंग्टन मांडणीवर बसलेली होती. त्या मांडणीत अक्षर जसे दिसते तसे उमटवायचे. कागदावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे असते म्हणून ती आधी दाबायची; रफार अक्षराच्या डोक्यावर म्हणून तो नंतर. यंत्राची ती गरजच होती, कारण दांड्या एकेक करून कागदावर आपटत आणि मागे जाऊन जागा करून देणारे कोणी नव्हते.

इनस्क्रिप्ट या दुसऱ्या, संगणकासाठीच्या कळफलकाचा आराखडा 1986 मध्ये आला आणि 1991 मध्ये तो भारतीय मानकात गेला. त्यात क्रम उच्चाराचा आहे: आधी व्यंजन, मग मात्रा. स्वर व मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. गेल्या दशकात टायपिंगची सरकारी परीक्षा यंत्रावरून संगणकावर गेली. यंत्रे गेली, पण शिकवणाऱ्यांच्या बोटांतला रेमिंग्टन तसाच राहिला. वादाचे मूळ तिथे आहे. एका बाजूचे म्हणणे, ज्यांना रेमिंग्टन येते त्यांचा वेग का मोडायचा? ते अनुभवी टंकलेखकापुरते खरे आहे. ज्याच्या बोटांना अजून कोणतीच सवय नाही, अशा पाचवी-सहावीच्या मुलाला मात्र यंत्राच्या अडचणीतून जन्मलेला क्रम शिकवण्यात अर्थ नाही.

‘कोल्हापूर’ हाच शब्द इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून पाहा:

```
k a n d u e h t j
क ो ल ् ह ा प ू र
```

नऊ कळा, शिफ्ट एकदाही नाही, आणि उजवा-डावा हात आळीपाळीने चालतो. म्हणून नवशिक्यांना हा शब्द लवकर द्यावा, पण पहिल्या आठवड्यात नको, कारण यात वरची आणि खालची ओळही येते. आधी फक्त मधली ओळ. तर्जन्या F आणि J या उंचवटा असलेल्या कळांवर, म्हणजे ‘ि’ आणि ‘र’ वर ठेवल्या की बाकीची बोटे आपोआप जागेवर येतात. मग ‘रोप’, ‘केर’, ‘चोर’, ‘पुरे’, ‘पिके’ असे शब्द द्यावेत. ‘कर’, ‘तर’, ‘पत’ असे बिनमात्रेचे शब्द सलग दिले तर सगळे काम उजव्या हातावर येते आणि डावा हात कळांवरून निसटून मांडीवर जातो. सरावाच्या तक्त्यात मात्रा हवीच ती यासाठी.

रेमिंग्टनची सवय असलेल्याकडून शिकलेल्या मुलाची चूक लगेच ओळखू येते. ‘पिके’ लिहिताना तो `f h k s` दाबतो आणि वेलांटी आधाराविना पडून पडद्यावर तुटक गोल उमटतो. तिथे शब्द पुसून घेण्यापेक्षा ‘प’ म्हणत प, मग ‘ि’ दाबायला लावावे.

सरावाची लांबीही यंत्राच्या काळापासून बदलली आहे. इन्स्टिट्यूटमध्ये तासभर बसत, कारण यंत्र रिकामे मिळायचे ते तेवढ्याच वेळापुरते. संगणकवर्गात रोज 10 ते 12 मिनिटे पुरतात: 2 मिनिटे बसणे तपासायला, 5 मधल्या ओळीला, उरलेली शब्दांना. यापुढे बोटे सैल पडतात आणि मुले कळफलकाकडे पाहू लागतात. यंत्रावर चूक कागदावर दिसून राहायची. इथे बॅकस्पेस ती लपवतो. म्हणून सरावात बॅकस्पेस बंद ठेवावा आणि शंभरातली पंचाण्णव अक्षरे बरोबर येईपर्यंत वेगाचे नाव काढू नये.

बसण्याची शिस्तही त्याच काळातली. टाइपरायटरची कळ जोरात दाबावी लागे, त्यामुळे मनगट आपोआप उचललेले राही, आणि टायपिंगचे टेबल साधारण 66 सेंटिमीटर असे. संगणकाचे टेबल पुष्कळदा 75 सेंटिमीटरचे असते. मुलाचे खांदे वर चढतात, मनगट टेबलाच्या कडेवर टेकते आणि करंगळी ‘च’, ‘ट’पर्यंत पोहोचत नाही. करंगळीच्या चुका वाढल्या तर बोटांआधी खुर्ची पाहावी. बैठक उंच करून पायांखाली पाट द्यावा. कोपर काटकोनात आले की पावले जमिनीवर टेकत नसतात, ती लोंबकळू लागली तर पाठ वाकते. शिक्षकाने दर 3 मिनिटांनी ‘पाय, कोपर, मनगट’ एवढेच म्हणावे. लांब सूचना दिली की मुले टायपिंग थांबवून वळून पाहतात.